ठराव कोणता, तारीख कोणती, पुरावा कशाचा? एका अभिरूप संविधान सभेतलं भाषण वाचताना

एका महाविद्यालयात अभिरूप संविधान सभा भरवली गेली. प्रत्येक विद्यार्थ्याला संविधान सभेतल्या एका खऱ्या सदस्याची भूमिका दिली होती आणि त्या सदस्याच्या जागेवरून बोलायचं होतं. दिवस ठरवला होता २३ नोव्हेंबर १९४८. त्या दिवशी सभेपुढे मसुद्यातला अनुच्छेद ३५ होता. आज आपण त्याला अनुच्छेद ४४ म्हणतो. आशय एका वाक्याचा: सर्व नागरिकांना एकसमान नागरी संहिता मिळावी यासाठी राज्य प्रयत्न करील.

या सभेत हंसा मेहतांच्या भूमिकेतून एका विद्यार्थिनीने नऊ मिनिटं भाषण केलं. तिने लेखी प्रत मला दिली आणि नाव न घालता त्यावर लिहायला परवानगी दिली. भाषण चांगलं आहे. बक्षीस मिळालं असेल तर नवल नाही. तरीही संशोधनाच्या चष्म्यातून पाहिलं, तर त्यात तीन ठिकाणी गडबड आहे, आणि याच तीन गडबडी मी पीएचडीच्या संशोधन आराखड्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहतो. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. समान नागरी कायदा आज हवा की नको, हा या लेखाचा प्रश्न नाही. प्रश्न इतकाच आहे: १९४८ मध्ये त्या तरतुदीचं समर्थन करायचं ठरवलं, तर ते नीट कसं करता आलं असतं, आणि या भाषणाने ते किती केलं?

भाषणात काय आहे

भाषणाचे चार भाग पडतात. पहिला भाग राष्ट्राच्या एकतेचा: एक देश, एक कायदा. दुसरा भाग स्त्रियांचा: बहुपत्नीत्व, वारसा, घटस्फोट. इथे तिचा आवाज सगळ्यात खरा वाटतो. तिसऱ्या भागात ती उदाहरणं देते: गोव्यातला समान कायदा आणि संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा. चौथ्या भागात ती मलबारचे मुसलमान आणि मुंबईचे खोजे यांचा दाखला देते आणि म्हणते की या समाजांनी शतकानुशतकं वेगळे वारसा नियम पाळले, तेव्हा व्यक्तिगत कायदा हा धर्माचा अविभाज्य भाग आहे हे म्हणणंच टिकत नाही. शेवट असा, की जे विरोध करतात ते देशाच्या आड येतात.

आता एकेक घेऊ.

पहिली गडबड: समोर ठराव कोणता होता?

तिचं भाषण ऐकून असं वाटतं की सभा त्या दिवशी सगळ्यांवर एक कायदा लादणार होती आणि ती त्या लादण्याचं समर्थन करत होती. पण टेबलावर तसं काही नव्हतंच.

अनुच्छेद ३५ मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात होता. मसुद्यातच म्हटलं होतं की या भागातली तत्त्वं न्यायालयातून अंमलात आणता येणार नाहीत, पण राज्यकारभारात ती मूलभूत राहतील. म्हणजे ३५ मंजूर झाला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणाचा विवाह किंवा वारसा बदलणार नव्हता. तो भावी संसदेला दिलेला निर्देश होता.

मग वाद कशावर होता? वाद दुरुस्त्यांवर होता. मद्रासचे मोहम्मद इस्माईल यांनी एक परंतुक सुचवलं: कोणत्याही गटाला किंवा समाजाला त्याचा व्यक्तिगत कायदा सोडण्याची सक्ती होणार नाही. बंगालचे नझीरुद्दीन अहमद यांनी दुसरं परंतुक सुचवलं: कायद्याने हमी दिलेला व्यक्तिगत कायदा त्या समाजाच्या पूर्वसंमतीशिवाय बदलू नये. या दोन्हींत फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पहिलं परंतुक दार बंद करतं. दुसरं दार उघडं ठेवतं, पण किल्ली समाजाच्या हातात देतं. नझीरुद्दीन अहमद यांनी तर असंही सांगितलं की कधीतरी नागरी कायदा एक होईल, फक्त ती वेळ अजून आलेली नाही. म्हणजे त्यांचा विरोध ध्येयाला नव्हता, वेळेला आणि पद्धतीला होता.

आमच्या विद्यार्थिनीने या दोघांना एकाच वाक्यात गुंडाळलं: विरोधक. त्यामुळे तिचं उत्तर मोहम्मद इस्माईलांना थोडंफार लागतं, पण नझीरुद्दीन अहमदांना लागतच नाही. "एक देश, एक कायदा" हे ऐकून ते शांतपणे म्हणाले असते, "मान्य. पण कोणाच्या संमतीने?" त्याला भाषणात उत्तर नाही.

संशोधनात हीच चूक कशी दिसते? तुम्ही आधीच्या संशोधनाचा आढावा लिहिता आणि "काही अभ्यासकांचा याला विरोध आहे" म्हणून पुढे जाता. कोणाचा विरोध गृहीतकाला आहे, कोणाचा पद्धतीला आहे आणि कोणाचा फक्त निष्कर्षाच्या व्याप्तीला आहे, हे वेगळं केलं नाही तर तुमचं उत्तर हवेत जातं. ओळखायची खूण सोपी आहे. तुमचं उत्तर विरोधकाच्या नेमक्या वाक्याशेजारी ठेवून पाहा. ते वाक्य तसंच्या तसं उभं राहत असेल, तर तुम्ही दुसऱ्याच कोणाला तरी उत्तर दिलं आहे.

यात आणखी एक गंमत आहे. तिला मिळालेली भूमिका तिच्या भाषणापेक्षा जास्त ठाम होती. १९४७ मध्ये मूलभूत हक्क उपसमितीत हा विषय आला, तेव्हा हंसा मेहता, राजकुमारी अमृत कौर आणि मिनू मसानी यांनी भिन्नमत नोंदवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की समान संहिता नुसतं मार्गदर्शक तत्त्व म्हणून ठेवू नये, पाच ते दहा वर्षांच्या आत ती नागरिकांना मिळेल अशी हमी द्यावी. म्हणजे नोव्हेंबर १९४८ मध्ये हंसा मेहता उभ्या राहिल्या असत्या, तर त्या एका विचित्र जागी असत्या. ज्या तरतुदीचं समर्थन करायचं, ती त्यांना अपुरी वाटत होती, आणि समोरचे लोक तीसुद्धा जास्त आहे म्हणत होते. (प्रत्यक्षात त्या दिवशीच्या चर्चेत त्या बोलल्या नाहीत, अभिरूप सभेने त्यांना उभं केलं.) दोन्ही बाजूंनी अडकलेल्या माणसाचं हे भाषण फार रंगलं असतं. मुलीने भूमिका घेतली, पण भूमिकेचं आधीचं मत वाचलं नाही.

दुसरी गडबड: तारीख कोणती होती?

भूमिका घेऊन बोलायचं म्हणजे त्या माणसाला त्या दिवशी जे माहीत होतं तेवढ्यावर बोलायचं. जे त्या दिवशी घडलेलंच नाही ते तोंडात आलं तर तो कालविपर्यास. या भाषणात तो तीन प्रकारे येतो, आणि तिन्ही वेगळे आहेत म्हणून सावकाश पाहू.

पहिला प्रकार साधा: तारखेचा. तिने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आधार घेतला, जणू तो मंजूर झाला आहे. तो मंजूर झाला १० डिसेंबर १९४८ ला. तिच्या भाषणाच्या दिवसापासून सतरा दिवसांनी. पण इथे फक्त लाल शाईने गोल करून थांबू नका. हंसा मेहता स्वतः संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. पहिल्या अनुच्छेदात "सर्व पुरुष" असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी "सर्व मानव" हे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या त्याच. त्यामुळे जाहीरनाम्याचा मसुदा त्यांना चांगलाच माहीत होता, आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये तो पॅरिसमध्ये चर्चेत होता. "जगाने मान्य केलं आहे" हे वाक्य चूक. "जग आत्ता मान्य करायच्या बेतात आहे, आणि त्या मसुद्यावर मी काम केलं आहे" हे वाक्य बरोबर, आणि कितीतरी जास्त दमदार. तारीख तपासल्यामुळे मुद्दा गेला नाही, उलट धारदार झाला.

दुसरा प्रकार जागेचा. गोव्याचं उदाहरण तिने "आपल्याच देशात" असं म्हणून दिलं. १९४८ मध्ये गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता, १९६१ पर्यंत. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती हे खरं, आणि मुंबईच्या सदस्याला ते ठाऊक असणं शक्य होतं. पण स्वातंत्र्य मिळून सव्वा वर्ष झालेल्या सभेत उभं राहून परकीय सत्तेच्या वसाहतीतला कायदा आदर्श म्हणून सांगायचा, तर त्याची वेगळी तयारी लागते. शिवाय ती संहिता वाटते तितकी एकसारखी नव्हती. गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींसाठी १८८० चा वेगळा हुकूम होता, आणि त्यात ठरावीक परिस्थितीत हिंदू पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मुभासुद्धा होती. म्हणजे "समान कायद्याचा जिवंत नमुना" म्हणून आणलेलं उदाहरण जवळून पाहिलं तर "अपवादांसह समान कायद्याचा" नमुना निघतं. समोरच्या बाकावरून कोणी हे वाचलेलं असतं, तर त्याने हेच उदाहरण परंतुकाच्या बाजूने वापरलं असतं!

तिसरा प्रकार सगळ्यात सूक्ष्म, कारण त्यात एकही चुकीची तारीख नाही. स्त्रियांच्या भागात तिची मांडणी अशी आहे: हिंदू कायदा सुधारला, आता बाकीच्यांनी सुधारावं. हे वाक्य १९५५ आणि १९५६ नंतरच्या माणसाच्या डोक्यातलं आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. नोव्हेंबर १९४८ मध्ये हिंदू कोड बिल अजून विधेयकच होतं आणि त्याला सभेच्या आत-बाहेर कडाडून विरोध होत होता. देशाच्या बहुतेक भागात हिंदू पुरुष कायद्याने दुसरी बायको करू शकत होता. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंचं द्विभार्या विवाह रोखणारा कायदा केला होता, पण तो एका प्रांतापुरता. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित संपत्तीत मुलाला जन्माने हक्क होता आणि मुलीला नव्हता. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला वाटा दिला, पण तोही मर्यादित हक्काचा.

म्हणजे १९४८ मधली हंसा मेहता "आम्ही सुधारलो, तुम्ही सुधारा" असं म्हणूच शकत नव्हती. ती "आपण कोणीच सुधारलेलो नाही" एवढंच म्हणू शकत होती. आणि गंमत म्हणजे हे वाक्य समर्थनासाठी जास्त उपयोगी आहे. कारण विरोधकांची भीती अशी होती की समान संहिता म्हणजे बहुसंख्याकांचा कायदा अल्पसंख्याकांवर लादणं. त्यावर "हिंदू कायदाही जसा आहे तसा चालणार नाही" हे सर्वांत थेट उत्तर होतं.

तारखेचा कालविपर्यास पकडायला सोपा असतो, कारण तो शोधता येतो. विचाराचा कालविपर्यास पकडायला एक युक्ती वापरा. भाषणातलं (किंवा तुमच्या प्रकरणातलं) प्रत्येक विधान वहीत वेगळ्या ओळीवर लिहा आणि शेजारी प्रश्न टाका: हे खरं कधीपासून झालं? "हिंदू कायद्यात एकपत्नीत्व आहे" या ओळीसमोर १९५५ लिहिलं की लगेच लक्षात येतं. आम्ही विज्ञानवाले मोजमाप लिहिताना त्याशेजारी तापमान लिहितो, कारण तापमान बदललं की आकडा बदलतो. इतिहासातल्या विधानाचं तापमान म्हणजे त्याची तारीख.

तिसरी गडबड: पुरावा कशाचा?

आता भाषणाचा सर्वांत चांगला भाग. मलबार आणि खोजे. इथे तिने खरंच अभ्यास केलेला दिसतो, आणि नेमका इथेच युक्तिवाद हातातून निसटतो.

माहिती बरोबर आहे. उत्तर मलबारमध्ये मरुमक्कत्तायम पद्धत होती, म्हणजे वारसा आईच्या बाजूने चालायचा, आणि ती तिथल्या हिंदूंबरोबर अनेक मुसलमान कुटुंबांतही होती. त्या दिवशीच्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी हेच उदाहरण दिलं होतं. खोजे आणि कच्छी मेमन यांच्यात वारशाला हिंदू धर्तीची रूढी लागू होती. कन्हैयालाल मुनशींनी त्यांचा उल्लेख केला होता. या दाखल्यांवरून एक गोष्ट नक्की सिद्ध होते: मुसलमानांचा वारसा कायदा भारतात सगळीकडे आणि नेहमी एकच होता, हे म्हणणं खरं नाही. बास. एवढंच.

विद्यार्थिनी इथून पुढे दोन उड्या मारते. पहिली उडी: म्हणून तो कायदा बदलला तर या समाजांची हरकत असणार नाही. दुसरी उडी: म्हणून समान कायदा स्त्रियांच्या हिताचा आहे. दोन्ही उड्यांखाली जमीन नाही.

पहिली उडी पाहा. १९३७ मध्ये शरियत कायदा झाला. त्याने बहुतेक व्यक्तिगत बाबतींत रूढी बाजूला सारून मुसलमानांना शरियत लागू केली (शेतजमीन मात्र वगळली). या कायद्यामागे मुस्लिम संघटनांचीच मागणी होती. मग याचा अर्थ काय लावायचा? एक अर्थ असा, की विधिमंडळ व्यक्तिगत कायदा बदलू शकतं, कारण त्याने तो नुकताच बदलला. हा अर्थ समर्थकांच्या बाजूचा. दुसरा अर्थ असा, की बदल समाजाच्या मागणीने झाला, आणि तो रूढीकडून शरियतीकडे गेला, समान कायद्याकडे नाही. हा अर्थ नझीरुद्दीन अहमदांच्या बाजूचा. एकच पुरावा दोन्हीकडे कापतो. अशा वेळी दुसरा अर्थ लपवला तर समोरचा तो काढणारच. आपण आधी काढून त्याला उत्तर दिलं तर पुरावा आपल्याकडे राहतो.

दुसरी उडी जास्त धोक्याची, कारण तिच्या सर्वांत प्रामाणिक मुद्द्यालाच ती धक्का देते. १८४७ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोज्यांचा प्रसिद्ध खटला चालला. मुलींनी वडिलांच्या संपत्तीत कुराणातल्या नियमाप्रमाणे वाटा मागितला. समोरून उत्तर आलं की आमच्या रूढीत मुलींना वाटा नाही. न्यायालयाने रूढी मान्य केली. मुली हरल्या.

आता विचार करा. खोज्यांचं उदाहरण "बघा, यांनी शरियत पाळली नव्हती" म्हणून अभिमानाने द्यायचं, आणि दोन मिनिटं आधी मुलींच्या वारसा हक्कासाठी कळवळून बोलायचं, हे एकत्र बसत नाही. इथे रूढीपेक्षा शरियत मुलीला जास्त देत होती. म्हणजे "समान" हा शब्द स्वतःहून स्त्रीच्या बाजूचा नसतो. समान करायचं ते कोणत्या नियमाशी समान, हा खरा प्रश्न आहे, आणि नऊ मिनिटांत तो एकदाही विचारला गेला नाही. हंसा मेहता अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष राहिल्या होत्या. त्यांनी तो नक्कीच विचारला असता.

जे भाषणात नव्हतं

त्या दिवशी समर्थकांच्या हातात एक हुकमी पान होतं, आणि ते डॉ. आंबेडकरांनी चर्चेच्या शेवटी टाकलं. ते म्हणाले की भावी संसदेला अशी सुरुवात करता येईल की जे लोक या संहितेने बांधून घ्यायला तयार असल्याचं जाहीर करतील त्यांनाच ती लागू होईल. म्हणजे सुरुवात ऐच्छिक. यासाठी त्यांनी आधार दिला १९३७ च्या शरियत कायद्याचा: तिथेही जाहीर करण्याची सोय होती.

आमच्या विद्यार्थिनीने हे पान वापरलं नाही. सक्तीच्या भीतीला हेच उत्तर होतं, त्यामुळे ही मोठी उणीव. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर इथे एक पाऊल पुढे जा आणि तो १९३७ चा कायदाच उघडा. फार छोटा आहे, दोन-तीन पानांचा. कलम २ म्हणतं की विनामृत्युपत्र वारसा, विवाह, घटस्फोट, पोटगी, मेहर, पालकत्व वगैरे बाबतींत शरियत लागू होईल, रूढी काही असली तरी. इथे कोणाला विचारलेलं नाही, थेट लागू. कलम ३ म्हणतं की एखाद्याने तसं जाहीर केलं तर दत्तक, मृत्युपत्र आणि मृत्युपत्राने दिलेली देणगी याही बाबतींत शरियत लागू होईल, त्याला आणि त्याच्या अज्ञान मुलांना व त्यांच्या वंशजांना.

म्हणजे ऐच्छिक भाग कलम ३ एवढाच होता. भाषणात तो संपूर्ण कायद्याचा स्वभाव असल्यासारखा आला. डॉ. आंबेडकरांचा मुद्दा यामुळे पडत नाही, कारण "ऐच्छिक जाहीरनाम्याची पद्धत आपल्या कायद्यात आधीपासून आहे" एवढं कलम ३ पुरेपूर सिद्ध करतं. पण त्याची व्याप्ती कमी होते. इतकं मोठं नाव असलं तरी मूळ कागद उघडायचा तो यासाठी. आपण मोठ्या माणसाचं वाक्य उद्धृत करतो तेव्हा त्याने ज्या कागदाकडे बोट दाखवलं तो कागदही आपल्या जबाबदारीत येतो.

मग भाषण कसं झालं असतं?

टीका करून सोडून देणं सोपं, म्हणून तिच्याच साहित्यातून मधला भाग पुन्हा मांडून पाहतो. शब्द माझे आहेत, हंसा मेहतांचे नाहीत.

"महोदय, हा अनुच्छेद मला पुरेसा वाटत नाही हे मी लपवत नाही. मला मुदत हवी होती. इथे नुसता प्रयत्न आहे. तरी मी त्याच्या बाजूने उभी आहे, आणि दोन्ही परंतुकांच्या विरोधात. पहिलं परंतुक बदलाचं दार कायमचं बंद करतं. दुसरं संमती मागतं, आणि संमतीचा मुद्दा मला मान्य आहे. पण समाजाची संमती म्हणजे कोणाची? खोज्यांच्या मुली शंभर वर्षांपूर्वी न्यायालयात गेल्या तेव्हा त्यांच्या समाजाची रूढी काय आहे हे पुरुषांनी सांगितलं, आणि मुली हरल्या. माझ्या हिंदू भगिनींचीही स्थिती वेगळी नाही. त्यांचं विधेयक याच सभेत अडकलेलं आहे. संमती घ्यायचीच असेल तर ती एकेका नागरिकाची घ्या. १९३७ च्या कायद्यातल्या तिसऱ्या कलमात तशी वाट आहे."

बघा, यात नवीन माहिती जवळजवळ नाही. खोजे तिनेच आणले होते, स्त्रियांचा मुद्दा तिचाच होता. फक्त तीन गोष्टी बदलल्या. उत्तर नेमक्या परंतुकाला दिलं. बोलणारी व्यक्ती १९४८ मध्येच राहिली. आणि खोज्यांचा पुरावा जे सिद्ध करतो तेवढ्यासाठीच वापरला: समाजाच्या नावाने बोलतं कोण, हा प्रश्न उभा करण्यासाठी.

यालाही उत्तर देता येतं, हेही सांगायला हवं. नझीरुद्दीन अहमद म्हणू शकले असते की एकेका नागरिकाची संमती हवी असेल तर परंतुकात तसं लिहा, संसदेच्या भल्या इच्छेवर का सोडता? हा आक्षेप वजनदार आहे. सभेने त्या दिवशी सगळ्या दुरुस्त्या फेटाळल्या आणि अनुच्छेद मंजूर केला, त्यामुळे ऐच्छिकतेची गोष्ट भाषणात राहिली, मजकुरात आली नाही. सभागृहात दिलेलं आश्वासन आणि कायद्यात लिहिलेला शब्द यांत किती अंतर असतं, यावर कोणाला लघुप्रबंध लिहायचा असेल तर विषय इथे आयता आहे. संविधान सभेच्या चर्चेचा सातवा खंड काढा, २३ नोव्हेंबरचं पान उघडा, आणि शेजारी १९३७ च्या कायद्याची प्रत ठेवा.